पीएस५ला जुना पीएस४ सापडत नाही: केबलने सेव्ह हलवणे, मशीन पुसणे आणि दुसऱ्या टीव्हीला जोडणे

घरात पीएस५ आला की जुना पीएस४ नात्यात कुणाला तरी दिला जातो, नाहीतर विकला जातो. त्यानंतरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. केबल लावूनही पीएस५ला पीएस४ दिसत नाही. मशीन पुसल्यावर कळतं की धाकट्याची सेव्ह आलीच नव्हती. मग नव्या घरी टीव्हीवर चित्रच येत नाही, नाहीतर कंट्रोलर ओळखला जात नाही. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे क्रम चुकणं. क्रम असा: आधी हलवायचं, मग पीएस५वर खेळ उघडून खात्री करायची, मग पुसायचं. खात्री न करता पुसलेलं परत मिळवता येत नाही.

एक उदाहरण धरून चालू. सांगलीत विश्रामबागेतलं दुमजली घर आहे. वरच्या खोलीत पीएस४ स्लिम, ५०० जीबी. खाली हॉलमध्ये नवा पीएस५. जुना पीएस४ तासगावला आत्याच्या मुलाला द्यायचा आहे. पीएस४वर तीन युजर आहेत: थोरला मुलगा, मुलगी आणि धाकटा. धाकट्याचा युजर कधीच ऑनलाइन साइन इन केलेला नाही.

सेव्ह नेमकी असते कुठे, हे आधी पक्कं करायला हवं, कारण सर्वात महागडा गैरसमज इथेच होतो. पीएस४ला बाहेरून हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तिच्यावर फक्त खेळ आणि अ‍ॅप राहतात. सेव्ह त्या डिस्कवर कधीच जात नाही, ती मशीनच्या आतल्या डिस्कवरच असते. म्हणजे "बाहेरची डिस्क आपल्याकडे आहे, मशीन देऊन टाकू" असं केलं तर खेळ उरतात आणि सगळी प्रगती मशीनबरोबर तासगावला जाते.

दुसरी गोष्ट, सेव्ह ही खात्याला बांधलेली असते. थोरल्याची सेव्ह आत्याच्या मुलाच्या खात्यात चालणार नाही. "राहू द्या तशीच, तो पुढे खेळेल" म्हणून मशीन न पुसता देण्यात त्यामुळे काही फायदा नाही. डिजिटल विकत घेतलेले खेळही खात्याबरोबरच राहतात. मशीनबरोबर खरोखर जातात त्या फक्त डिस्क. एक मात्र आधी बघा. तुमचा पीएस५ डिस्क ड्राइव्ह नसलेला असेल तर डिस्कवरचे जुने खेळ त्यावर चालणार नाहीत, आणि हलवलेली सेव्ह नुसती पडून राहील. ड्राइव्ह असलेल्या पीएस५वरसुद्धा डिस्कचा खेळ खेळताना डिस्क आत असावीच लागते. जो खेळ पुढे खेळायचा आहे त्याची डिस्क तासगावच्या पिशवीत घालू नका.

आता हलवण्याकडे. दोन्ही मशीनचं सॉफ्टवेअर आधी ताजं करून घ्या. दोन्हीकडे त्याच खात्याने साइन इन करा. पीएस४वर ट्रॉफीच्या पानावर Options बटण दाबून ट्रॉफी सिंक करून घ्या. मग पीएस५वर:

```
Settings > System > System Software > Data Transfer
```

पीएस५ तयार झाल्यावर तो पीएस४चं पॉवर बटण दाबायला सांगतो. बटण एखादा सेकंद, एक बीप ऐकू येईपर्यंत दाबायचं आणि सोडायचं. इथे बोट रेंगाळलं तर दुसरी बीप होते आणि पीएस४ बंद होतो. मग पीएस५ला काही सापडत नाही आणि दोष केबलला दिला जातो. पहिल्या बीपला बोट उचला.

बटण बरोबर दाबूनही पीएस४ सापडत नसेल तर कारण बहुधा नेटवर्कमध्ये असतं. आपल्या उदाहरणातल्या घराची रचना सांगलीत काय किंवा साताऱ्यात काय, घरोघरी दिसते. फायबरवाल्याने खाली हॉलमध्ये एक डबा बसवलेला असतो, त्याला स्वतःचं वाय-फाय असतं. वर रेंज येत नाही म्हणून घरच्यांनी एक राउटर विकत घेऊन वर लावलेला असतो. दोन्हींवर इंटरनेट चालतं, म्हणून घरच्यांना ते एकच नेटवर्क वाटतं. प्रत्यक्षात वरचा राउटर आपलं वेगळं नेटवर्क तयार करतो आणि त्याच्या आतली मशीन खालच्या डब्यावरच्या मशीनला दिसत नाहीत. ओळखायला एक मिनिट लागतं. पीएस४वर `Settings > Network > View Connection Status` उघडा, पीएस५वर `Settings > Network > Connection Status > View Connection Status`. दोन्हीकडचा आयपी पत्ता कागदावर लिहून घ्या. पीएस४वर `192.168.0.14` आणि पीएस५वर `192.168.1.23` असं काही दिसलं, म्हणजे तिसरा आकडा वेगळा निघाला, तर रोग सापडला. या अवस्थेत तासभर प्रयत्न केले तरी पीएस४ दिसणार नाही.

उपाय सोपा आहे. पीएस४ उचलून खाली हॉलमध्ये आणा. टीव्हीला एचडीएमआयची दोन तोंडं असतील तर दोन्ही मशीन एकाच टीव्हीला लावा. दोघांनाही खालच्या डब्याच्या त्याच वाय-फायवर घ्या, पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर नको, कारण तिथे बऱ्याचदा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. पत्ते पुन्हा बघा. तिसरा आकडा जुळला की मगच पीएस४ आणि पीएस५ यांच्यामध्ये थेट एक लॅन केबल लावा. साधी सरळ केबल चालते, उलटसुलट जोडणीची खास केबल लागत नाही. एक-दोन मीटर पुरे.

इथे एक चूक फार लोक करतात. केबल लावली म्हणून नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन वाय-फायच्या जागी लॅन केबल निवडतात. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला राउटर नाही, दुसरा कन्सोल आहे. तिथून पत्ता मिळत नाही, इंटरनेट जातं, साइन इन तुटतं आणि हलवणं सुरूच होत नाही. दोन्ही मशीनचं इंटरनेट वाय-फायवरच राहू द्या. केबल फक्त माल वाहण्यासाठी आहे. पीएस५ आपणहून केबलकडे वळला असेल तर नेटवर्कच्या यादीतून पुन्हा वाय-फाय निवडा. राउटर जवळ असेल आणि हाताशी दोन केबल असतील तर दोन्ही मशीन राउटरलाच केबलने जोडणं हा दुसरा मार्ग आहे, तेव्हा मात्र दोन्हीकडे लॅन निवडायचं. एक मशीन राउटरला केबलने आणि दुसरं वाय-फायवर, अशी भेसळ टाळलेली बरी.

केबलबद्दल आणखी एक. दोन्ही मशीनचं लॅन गिगाबिटचं आहे, पण त्यासाठी केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. घरात पडलेली, केबलवाल्याने स्वतः क्रिंप केलेली केबल असेल तर प्लगमध्ये उजेडाला धरून बघा. चारच तारा लावलेल्या असतील तर वेग शंभर मेगाबिटवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. हिशेब करा: २८० जीबीचे खेळ चांगल्या केबलने, सेकंदाला ५० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर साधारण दीड तासात जातात. चार तारांच्या केबलने साडेसहा तास लागतात. पडद्यावर दिसणारा अंदाजे वेळ अचानक अनेक तासांचा झाला तर आधी केबल बदला.

खरं तर खेळ हलवायची फारशी गरज नसते. डिस्कचा खेळ डिस्कवरून पुन्हा बसवता येतो, डिजिटल खेळ पुन्हा उतरवता येतो. पुन्हा न मिळणारी वस्तू फक्त सेव्ह आहे, आणि ती खेळाच्या मानाने अगदी लहान असते. महिन्याचा डेटा मोजून वापरावा लागत नसेल तर यादीत फक्त सेव्ह निवडा. काम काही मिनिटांत उरकतं आणि मध्ये वीज गेली तरी पुन्हा सुरुवात करणं जड जात नाही. सेव्ह जाऊन पोचेपर्यंत पीएस५वर तोच खेळ नव्याने सुरू करू नका, नाहीतर जुनी ठेवायची की नवी, असा पेच पडतो.

हे हलवणं साइन इन केलेल्या एका युजरपुरतंच होतं. थोरल्याचं झालं म्हणजे घराचं झालं असं नाही. मुलीच्या खात्याने दोन्हीकडे साइन इन करून सगळं पुन्हा करायचं. धाकट्याचं प्रकरण नाजूक आहे. त्याला ऑनलाइन खातंच नाही, आणि खात्याशिवाय हलवता येत नाही. त्याच्यासाठी खातं काढा, पण पीएस४वर त्यासाठी नवा युजर बनवू नका. त्याच्या जुन्या युजरमध्ये जाऊन तिथूनच नव्या खात्याने साइन इन करा, म्हणजे तिथली सेव्ह त्या खात्याला जोडली जाते. नवा युजर बनवला तर तो रिकामा असतो आणि जुनी सेव्ह मागेच राहते. "धाकट्याची सेव्ह गेली" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. एकदा युजरला खातं जोडलं की त्या युजरचं खातं बदलता येत नाही, तेव्हा घाईत आईच्या किंवा दादाच्या ईमेलवरचं खातं जोडू नका.

जोडीला पेन ड्राइव्हवर एक प्रत काढा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा हवा. पीएस४वर प्रत्येक युजरमधून:

```
Settings > Application Saved Data Management
  > Saved Data in System Storage
  > Copy to USB Storage Device
```

नंतर तो पेन ड्राइव्ह संगणकाला लावला तर `PS4/SAVEDATA` या फोल्डरमध्ये प्रत्येक खात्याचं एक फोल्डर दिसतं आणि त्यात `CUSA` या अक्षरांनी सुरू होणारी फोल्डर असतात. तीन युजर असतील तर तीन खात्यांची फोल्डर दिसली पाहिजेत. दोनच दिसली तर कुणीतरी राहिलं आहे. `CUSA`चा हा क्रमांक डिस्कवर आणि डब्याच्या कडेवरही छापलेला असतो. तो ताडून बघण्याचं कारण असं की परदेशातून आलेल्या डिस्कचा क्रमांक इथल्या डिस्कपेक्षा वेगळा असू शकतो, आणि एका क्रमांकाची सेव्ह दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाला दिसत नाही. पुढे तोच खेळ पीएस५साठी नव्याने विकत घ्यायचा असेल तर हे आधी बघितलेलं बरं.

पेन ड्राइव्हवरून पीएस५वर आणायचं असेल तर `Settings > Saved Data and Game/App Settings > Saved Data (PS4)` इथे जा. ही सोय पीएस४च्या खेळांच्या सेव्हपुरती आहे. पीएस५च्या खेळाची सेव्ह अशी एकेक करून पेन ड्राइव्हवर काढता येत नाही.

आता खात्री. पीएस५वर प्रत्येक युजरमधून किमान एक खेळ उघडून जुनी सेव्ह लोड करा. मेनूत नाव दिसलं एवढ्यावर समाधान मानू नका. खेळाची पीएस५ आवृत्ती बसवलेली असेल तर ती पीएस४ची सेव्ह आपोआप वाचेलच असं नाही. काही खेळांत पीएस४ आवृत्ती उघडून तिच्या मेनूतून सेव्ह सर्व्हरवर पाठवावी लागते आणि पीएस५ आवृत्तीत उतरवून घ्यावी लागते, काहींत तशी सोयच नसते. "सगळं आलं पण खेळ पहिल्यापासून सुरू होतो" यामागे बहुधा हेच असतं. म्हणून पीएस४ पुसण्याआधी हे निकाली काढा.

हलवल्याने पीएस४वरचं काही पुसलं जात नाही. तिथे सगळं जसंच्या तसं असतं, त्यामुळे पुसणं हे वेगळं काम आहे. डिस्क आत असेल तर ती आधी काढा. मग प्रत्येक खात्यातून `Settings > Account Management > Activate as Your Primary PS4` इथे जाऊन `Deactivate` करा. हे विसरून मशीन पुसलं आणि दिलं तर पीएस५चं काही बिघडत नाही, कारण त्याची नोंद वेगळी असते. पण पुढे घरात दुसरा पीएस४ आला की अडचण येते. तेव्हा खात्याच्या वेबसाइटवरून सगळी उपकरणं एकदम रद्द करता येतात, मात्र ती सोय सहा महिन्यांतून एकदाच वापरता येते.

यानंतर:

```
Settings > Initialization > Initialize PS4
```

नुसते युजर डिलीट करून थांबू नका. इथे `Quick` आणि `Full` असे दोन पर्याय येतात. पहिला काही मिनिटांत होतो, पण खास सॉफ्टवेअरने माहिती परत काढण्याची शक्यता राहते. दुसरा काही तास घेतो आणि मध्येच थांबवता येत नाही. आत्याच्या मुलाला द्यायचं असेल तर पहिला पुरेसा आहे. दुकानात किंवा अनोळखी माणसाला विकायचं असेल तर दुसराच करा.

`Full` लावण्याआधी विजेचा विचार करा. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर हे काम सुरू करू नये. मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा सकाळी लावा. मध्ये वीज गेली तर पुढच्या वेळी मशीन सेफ मोडमध्ये उघडू शकतं आणि सिस्टिम सॉफ्टवेअर मागू शकतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, हार्ड डिस्क धड असेल तर मशीन वाचतं. एफएटी३२ पेन ड्राइव्हवर मोठ्या अक्षरांत फोल्डर बनवा आणि प्लेस्टेशनच्या वेबसाइटवरून पुन्हा बसवण्याची फाइल घेऊन ती अशी ठेवा:

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

त्याच नावाची, फक्त अपडेटसाठीची लहान फाइलही तिथे मिळते, ती इथे चालत नाही. पुन्हा बसवण्याची फाइल त्याहून बरीच मोठी असते. मग सेफ मोडमधला सातवा पर्याय, `Initialize PS4 (Reinstall System Software)`, निवडा.

पुसून झालं की भाषा निवडण्याचा पडदा येतो. तिथेच थांबा. "चालतंय का बघू" म्हणून स्वतःच्या खात्याने पुन्हा साइन इन केलं तर पुसण्याचा उपयोग उरत नाही. पॉवर बटण दुसऱ्या बीपपर्यंत दाबून बंद करा आणि मशीन, पॉवर केबल, एचडीएमआय केबल, कंट्रोलर आणि कंट्रोलरची यूएसबी केबल एकत्र बांधा.

या शेवटच्या केबलवर तासगावची पहिली तक्रार अवलंबून आहे. पुसलेला पीएस४ जुन्या कंट्रोलरला ओळखत नाही, त्याला केबलने जोडून पीएस बटण दाबावं लागतं. तिथे मोबाइलच्या चार्जरची जुनी मायक्रो यूएसबी केबल लावली जाते. तिच्यात पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. कंट्रोलर चार्ज होतो, दिवा लागतो, पण पडदा पुढे सरकत नाही. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो संगणकावर घेता येतात ती केबल लावा. तरीही ओळखत नसेल तर कंट्रोलरच्या मागे, एल२ बटणाजवळ एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून आतलं बटण पाचेक सेकंद दाबा आणि पुन्हा केबलने जोडा.

राहिला टीव्ही. आत्याकडे जुना ३२ इंची एचडी रेडी टीव्ही आहे. पुसलेलं मशीन चित्राचं माप स्वतः ठरवतं, त्यामुळे सहसा चित्र येतं. न पुसता फक्त टीव्ही बदलला असेल तर मात्र जुनं ठरवलेलं माप आडवं येऊ शकतं. मशीनचा दिवा पांढरा आणि टीव्हीवर "सिग्नल नाही" असं दिसत असेल तर आधी मध्ये असलेला सेट टॉप बॉक्स, साउंडबार किंवा स्विच काढून केबल थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीचं दुसरं एचडीएमआय तोंड वापरून बघा. मग मशीन पूर्ण बंद करा आणि पॉवर बटण दाबून धरा. पहिली बीप लगेच होते, दुसरी साधारण सात सेकंदांनी. दुसऱ्या बीपला सोडा. सेफ मोड कमी मापाचं चित्र पाठवतो, ते बहुतेक टीव्ही दाखवतात. कंट्रोलर इथेही केबलनेच जोडायचा. दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायातून चित्राचं माप बदला.

चित्र आलं पण काळा रंग राखाडी आणि सगळं फिकट दिसतंय, किंवा उलट अंधाऱ्या जागा पूर्ण काळ्याकुट्ट झाल्यात, तर `Settings > Sound and Screen > Video Output Settings` इथे `RGB Range` बघा. जुन्या टीव्हीला बहुधा `Limited` जुळतं. चित्राच्या कडा, विशेषतः खेळातला गुण दाखवणारा कोपरा टीव्हीबाहेर जात असेल तर एक पान मागे येऊन `Sound and Screen` मधल्या `Display Area Settings` मधून चौकट आत घ्या.

सेफ मोडचं चित्रही कुठल्याच टीव्हीवर आणि दुसऱ्या केबलनेही आलं नाही तर सेटिंगचा प्रश्न संपला. मशीनच्या एचडीएमआय तोंडात टॉर्च मारून बघा. आतली एखादी पिन वाकलेली किंवा पट्टी तुटलेली दिसली तर प्रवासात केबल लावलेलीच ठेवल्याने ते झालं असण्याची शक्यता मोठी. ते तोंड बदलून घेणं हे दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंगचं काम आहे.